काउंट 24,800 आणि माणूस ठणठणीत: सीएलएलमध्ये औषध आत्ता घ्यायचं की थांबायचं?

आप्पांना मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं, बाकी काही तक्रार नव्हती. वय 64, निवृत्त तलाठी, रोज सकाळी मळ्यापर्यंत चालत जाऊन येणारे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनआधीच्या नेहमीच्या तपासण्या लिहून दिल्या आणि त्यातला सीबीसी आमच्या लॅबमध्ये आला. हिमोग्लोबिन 13.4, प्लेटलेट 2,10,000, आणि पांढऱ्या पेशी 24,800. नॉर्मल माणसात त्या 11,000 च्या आत असतात. मशीनने रिपोर्टवर लाल खूण केली आणि स्लाइड माझ्या टेबलावर आली.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रक्तविकारांवर उपचार करत नाही. पण अशा रिपोर्टनंतर घरचे लोक आधी लॅबमध्येच येतात, आणि आप्पांचा मुलगाही आला. पुण्याच्या रक्तविकारतज्ज्ञांनी निदान पक्कं करून सांगितलं होतं, "क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल आहे, आत्ता काही औषध नको, तीन महिन्यांनी या." मुलाचा प्रश्न सरळ होता. "ताई, ब्लड कॅन्सर म्हणायचं आणि तीन महिन्यांनी या म्हणायचं, हे कसं काय? आत्ताच सुरू केलं तर काय बिघडतं?"

प्रश्न रास्त आहे. दोन्ही वाटा शेजारी-शेजारी ठेवूनच बघू, पण त्याआधी स्लाइडवर काय होतं ते सांगते, कारण निदान डळमळीत असेल तर पुढच्या तुलनेला अर्थच नाही.

रक्ताचा थेंब काचपट्टीवर ठेवायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने एका दमात पुढे ओढायचा, वाळला की लिशमनने रंगवायचा. आप्पांच्या स्लाइडवर लहान, गोल, एकसारख्या लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशींची गर्दी होती. त्यांच्यामध्ये जागोजागी जांभळट पुसट डाग दिसत होते, ताज्या रांगोळीवरून पदर फिरावा तसे. पेशीची कड नाही, आकार नाही, नुसता पसरलेला केंद्रक. हे स्मज सेल. जर्मन डॉक्टर गुम्प्रेख्ट यांनी 1896 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत त्यांना 'गुम्प्रेख्टच्या सावल्या' म्हणतात.

रिपोर्टमध्ये 'स्मज सेल्स सीन' वाचून लोक घाबरतात, जणू शरीरात पेशी फुटताहेत. तसं नाही. त्या आप्पांच्या रक्तात शाबूत होत्या, फुटल्या त्या आमच्या काचेवर. पेशीला आतून आधार देणारं व्हिमेंटिन नावाचं प्रथिन सीएलएलच्या पेशींत बऱ्याचदा कमी असतं, त्यामुळे ओढताना लागणाऱ्या दाबाने त्या फाटतात. त्याच रक्तात अल्ब्युमिनचा एक थेंब मिसळून पुन्हा स्मिअर ओढला तर बहुतेक सावल्या नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी धडधाकट लिम्फोसाइट दिसतात.

इथे लॅबकडून एक चूक हमखास होते. आमच्या टेक्निशियनने स्मज सोडून फक्त शाबूत पेशी मोजल्या. शंभरात 70 लिम्फोसाइट, 25 न्यूट्रोफिल, 5 इतर. पण त्या शंभर मोजताना वाटेत 40 स्मज लागले होते, आणि ते मुळात लिम्फोसाइटच. म्हणजे 140 पैकी 110 लिम्फोसाइट, साधारण 79 टक्के. काउंट 24,800 असल्यामुळे लिम्फोसाइट 17,400 नव्हे तर 19,500 च्या आसपास निघाले, आणि न्यूट्रोफिल 6,200 वरून 4,400 वर आले. आप्पांच्या बाबतीत याने निदान बदललं नाही. पण दर तीन महिन्यांनी आकडा ताडून बघायचा असेल तर एका वेळी स्मज धरून आणि दुसऱ्या वेळी सोडून मोजणं चालणार नाही. काउंट वाढला म्हणून धास्ती घ्यायची आणि वाढली असते ती फक्त मोजण्याची पद्धत, असंही होतं. म्हणून एकच लॅब धरावी आणि टक्क्यांऐवजी लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या लिहून ठेवावी.

स्मज दिसले म्हणजे सीएलएल झालाच, असंही नाही. तालुक्याहून सकाळी घेतलेला नमुना संध्याकाळी पोचला तर कुणाच्याही रक्तात थोडेफार स्मज दिसतात. शिक्कामोर्तब होतं ते फ्लो सायटोमेट्रीने. त्यात बी-लिम्फोसाइटच्या अंगावरच्या खुणा बघतात. सीएलएलमध्ये सीडी5, सीडी19 आणि सीडी23 एकाच पेशीवर सापडतात, सीडी20 फिकट असतो, आणि सगळ्या पेशी एकाच जातीची साखळी बाळगतात, फक्त कॅपा किंवा फक्त लॅम्डा. म्हणजे सगळ्या एकाच पेशीची पिल्लावळ. अशा पेशी 5,000 किंवा त्याहून जास्त आणि किमान तीन महिने टिकून असतील तर तो सीएलएल. त्याहून कमी असतील, गाठी नसतील आणि माणूस ठीक असेल तर त्याला कॅन्सर म्हणतही नाहीत.

ही तपासणी टाळू नये, कारण मँटल सेल लिम्फोमा नावाचा एक आजार वरवर असाच दिसतो. त्यात सीडी5 असतो, पण सीडी23 बहुधा नसतो, आणि त्याची चाल बऱ्याचदा वेगळी, उपचारही वेगळे. औषधासाठी थांबणं ठीक आहे. निदानासाठी मात्र थांबायचं नाही. उलट बोन मॅरो आणि पेट स्कॅन मात्र लक्षणं नसलेल्या माणसाला या टप्प्यावर सहसा लागत नाहीत. आप्पांना कुणीतरी दोन्ही सुचवले होते. तज्ज्ञांनी ते खोडले आणि मला ते पटलं.

आप्पांच्या मानेत, काखेत, जांघेत गाठ लागत नव्हती. पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागत नव्हती. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट चांगले. आजार किती पुढे गेलाय ते सांगणाऱ्या, 1975 पासून वापरात असलेल्या राय पद्धतीत ही पायरी शून्य.

आता तुलना.

| | आत्ता सुरू केलं तर | थांबलं तर |
|---|---|---|
| आयुष्य | आजवरच्या चाचण्यांत वाढलेलं नाही | तेवढंच |
| आजार पुढे सरकणं | नव्या गोळ्यांनी लांबतं | आपल्या गतीने सरकतो, काहींत वर्षानुवर्षं जागचा हलत नाही |
| शरीराला त्रास | रक्तस्राव, हृदयाचे ठोके अनियमित होणं, जंतुसंसर्ग | औषधाचा त्रास नाही, आजारामुळे जंतुसंसर्गाचा धोका राहतोच |
| खर्च | बरीच वर्षं, दर महिन्याला | ठरावीक तपासण्या आणि लसी |
| मन | 'काहीतरी चाललंय' याचा आधार | पहिलं वर्ष जड जातं |

पहिल्या ओळीवर सगळा निर्णय उभा आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. फ्रान्समध्ये 1980 आणि 1985 मध्ये दोन मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. आप्पांसारख्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या एकूण 1,535 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काहींना लगेच क्लोरँब्युसिल, बाकीच्यांना आजार वाढेपर्यंत काही नाही. 1998 मध्ये निकाल आले. लगेच औषध घेणाऱ्यांत आजार हळू वाढला, पण ते जास्त जगले नाहीत. आणि पहिल्या चाचणीत औषध न दिलेल्यांपैकी 49 टक्के लोकांना अकरा वर्षांहून जास्त काळ आजार वाढल्याचा अनुभवच आला नाही, उपचारही लागले नाहीत. त्या गटातल्या सगळ्यांना औषध दिलं असतं तर निम्म्या लोकांनी ते विनाकारण घेतलं असतं.

मुलगा म्हणाला, "ते जुनं औषध होतं. आता नव्या गोळ्या आल्यात की."

बरोबर. म्हणूनच जर्मनीतल्या गटाने सीएलएल12 ही चाचणी केली. सुरुवातीचाच टप्पा, पण आजार लवकर वाढण्याची शक्यता जास्त असलेले रुग्ण निवडले. निम्म्यांना इब्रुटिनिब, निम्म्यांना तशीच दिसणारी निकामी गोळी. इब्रुटिनिबने आजार पुढे सरकायला बराच जास्त वेळ लागला, यात शंका नाही. पण पाच वर्षांनी दोन्ही गटांतले सुमारे 93 टक्के लोक हयात होते. फरक नाही. आणि रक्तस्राव व हृदयाचे ठोके चुकण्याचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत जास्त. म्हणजे निकामी गोळी घेणारे मागे पडले नाहीत. वेळ आल्यावर त्यांना औषध दिलं आणि त्यांनी अंतर भरून काढलं.

थांबण्यामागचं तर्कशास्त्र एवढंच आहे, आणि ते आपल्या मनातल्या कॅन्सरच्या चित्राशी जुळत नाही. स्तनाची गाठ लवकर सापडली तर ती कापून बाहेर काढता येते आणि आजार मुळापासून जाऊ शकतो. सीएलएलमध्ये कापायला गाठ नसते. निदानाच्या दिवशीच तो रक्तात आणि मज्जेत सगळीकडे असतो, आणि आजची औषधं त्याला दाबतात, सहसा संपवत नाहीत. त्यामुळे 'लवकर' या शब्दाचा इथे तसा फायदा मिळत नाही. उलट औषध वर्षानुवर्षं चालू ठेवलं की त्याला दाद न देणाऱ्या पेशी वर येऊ शकतात. इब्रुटिनिब ज्या जागी चिकटतं तिथेच बदल झालेल्या पेशी पुढे वाढलेल्या दिसतात. म्हणजे खरी गरज पडेल त्या दिवसासाठी राखून ठेवायचं हत्यार आपण आधीच बोथट केलेलं असतं.

शिवाय थांबल्याने दरम्यान औषधं बदलतात. 2010 मध्ये निदान झालेल्या आणि थांबलेल्या माणसाला 2014 नंतर गरज पडली असेल तर शिरेतून द्यायच्या जुन्या केमोऐवजी गोळीचा पर्याय समोर आला. या फायद्याची खात्री कुणी देऊ शकत नाही, पण मी तो हिशेबात धरते.

पैशांबद्दल एक आडवी गोष्ट. मुलाने क्रिटिकल इलनेस पॉलिसी काढून ठेवली होती आणि आता एकरकमी पैसे मिळतील असं धरून चालला होता. भारतातल्या या पॉलिसींच्या प्रमाणित व्याख्येत राय पायरी 3 च्या खालचा सीएलएल कॅन्सर म्हणून धरला जात नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. विमा कंपन्यांचं आणि रक्तविकारतज्ज्ञांचं एकमत व्हावं अशा मोजक्या जागांपैकी ही एक, म्हणून मला थोडं हसूही येतं. साधी मेडिक्लेम पॉलिसी वेगळी, तिचा कागद वेगळा वाचावा.

आता दुसरी बाजू. थांबणं हा काही सगळ्यांसाठीचा नियम नाही, तो त्या-त्या माणसापुरता निर्णय आहे. त्याच महिन्यात एक 58 वर्षांच्या बाई आल्या होत्या. त्यांचे लिम्फोसाइट 13,000, आप्पांपेक्षा कमी. पण हिमोग्लोबिन 9.1, प्लेटलेट 82,000, आणि पाणथरी बरगडीखाली सात सेंटिमीटर. लोह पुरेसं होतं, लाल पेशी फुटत असल्याची तपासणी निगेटिव्ह होती, म्हणजे मज्जाच सीएलएलने भरली होती. त्यांना औषध लगेच सुरू झालं आणि ते योग्यच होतं. दोघांचे फक्त काउंट बघितले असते तर आपण नेमकं उलटं केलं असतं.

निर्णय पेशींच्या आकड्यावर होत नाही, तो बाकीच्या शरीरावर होतो. हिमोग्लोबिन 10 च्या खाली किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली घसरू लागले, आणि कारण मज्जा असेल, तर सुरू करायचं. पाणथरी बरगडीखाली सहा सेंटिमीटरच्या पुढे गेली, गाठी दहा सेंटिमीटरच्या झाल्या किंवा त्रास देऊ लागल्या, तर सुरू करायचं. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी उतरलं, महिनाभर रात्री कपडे भिजतील एवढा घाम आला, किंवा जंतुसंसर्ग नसताना दोन आठवडे ताप राहिला, तर सुरू करायचं. काउंटसुद्धा बघतात, पण त्याची गती बघतात. 30,000 च्या वर गेलेले लिम्फोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाले तर ते लक्षण. दीड लाखावर संथ बसलेला काउंट आणि हसत चहा पिणारा माणूस, हे मी पाहिलं आहे. या पेशी लहान असतात, त्यामुळे तीव्र ल्युकेमियासारखं रक्त दाटून वाहिन्या तुंबण्याचा प्रकार इथे फार विरळा.

आपल्याकडे यात एक जोड द्यावी लागते. ताप, घाम, वजन उतरणं, मानेत गाठ: ही यादी टीबीचीही आहे. सीएलएलच्या माणसाला ही लक्षणं आली तर आजार वाढला असं धरून औषध सुरू करण्याआधी टीबी शोधलाच पाहिजे. एकच गाठ झपाट्याने वाढली आणि एलडीएच चढला, तर मात्र तिचा तुकडा तपासायलाच हवा, कारण थोड्या लोकांत सीएलएल जलद वाढणाऱ्या लिम्फोमात बदलतो. तिथे थांबणं चूक.

आप्पांच्या आजाराची गती काढायला जुना रिपोर्ट हवा होता. मुलाने ट्रंकेतून काढून आणला, 26 महिन्यांपूर्वीचा. पांढऱ्या पेशी 14,200, लिम्फोसाइट 66 टक्के, म्हणजे सुमारे 9,400. तेव्हा कुणीतरी 'इन्फेक्शन असेल' म्हणून पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली होती आणि परत तपासायला सांगितलं नव्हतं. चिडायला हरकत नाही, पण त्याच कागदाने आज मोठं काम केलं. 9,400 वरून 19,500, म्हणजे दुप्पट व्हायला दोन वर्षांच्या आसपास. ही चाल संथच म्हणायची.

मुलाचा पुढचा प्रश्न जनुकीय तपासण्यांचा होता. दोन महत्त्वाच्या आहेत. एकीत आयजीएचव्ही जनुकात बदल झालेला आहे का ते बघतात, बदल झालेला असला तर आजार सहसा मंद. दुसरीत 17पी हा गुणसूत्राचा भाग आणि टीपी53 हे जनुक यांत बिघाड आहे का ते बघतात, तो असेल तर जुनी केमो चालत नाही. आत्ता एकाच तपासणीचे पैसे असतील तर माझा कौल आयजीएचव्हीला. तिचं उत्तर जन्मभर बदलत नाही. टीपी53 चं चित्र वर्षांनी बदलू शकतं, त्यामुळे आज केली तरी औषध सुरू करताना ती पुन्हा करावीच लागते.

आणि आयजीएचव्हीने अंदाज बांधता येतो. सुरुवातीच्या टप्प्यासाठी एक सोपा हिशेब आहे: हाताला गाठ लागते का, लिम्फोसाइट 15,000 च्या वर आहेत का, आयजीएचव्ही न बदललेला आहे का, प्रत्येक 'हो' ला एक गुण. शून्य गुण असतील तर पाच वर्षांत उपचार लागण्याची शक्यता सुमारे 8 टक्के, एक असेल तर 28, दोन किंवा तीन असतील तर 61. आप्पांना काउंटचा एक गुण होताच. आयजीएचव्ही बदललेला निघाला, म्हणजे एकूण एकच. दोन गुण निघाले असते तरी औषध आत्ता सुरू झालं नसतं. फक्त फेऱ्या जवळ-जवळ ठेवल्या असत्या आणि मुलाने पैशांची तजवीज वेगळी केली असती. अशा जास्त जोखमीच्या लोकांना व्हेनेटोक्लॅक्स आणि ओबिनुटुझुमॅब लवकर दिलं तर आयुष्य वाढतं का, यावर अमेरिकेत इव्हॉल्व्ह नावाची चाचणी घेतली जात आहे. तिचं उत्तर वेगळं आलं तर माझा वरचा तक्ताही बदलेल.

स्मजचंही असंच एक गणित मांडलं गेलं आहे. मेयो क्लिनिकच्या 2009 च्या अभ्यासात 108 रुग्णांत स्मज 30 टक्क्यांहून जास्त असलेल्यांपैकी 80 टक्के दहा वर्षांनी हयात होते, कमी असलेल्यांपैकी 50. आप्पांचे 110 मध्ये 40, म्हणजे 36 टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण स्मिअर कोण ओढतो, किती जोराने ओढतो, यावर तो आकडा हलतो, म्हणून मी तो मुलाला सांगितला आणि त्यावर काही ठरवू नकोस असंही सांगितलं.

थांबण्याच्या काळात करायची कामं थोडी आहेत, पण चुकवण्यासारखी नाहीत. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी सीबीसी, गाठी आणि पाणथरी हाताने तपासणं, वजन. सगळं स्थिर असेल तर पुढे सहा महिन्यांनी. लसी लवकर घ्यायच्या, कारण आजार पुढे गेला की त्या कमी लागू पडतात: न्यूमोनियाची, दरवर्षी फ्लूची, आणि नागिणीची जिवंत विषाणू नसलेली. जिवंत विषाणूची लस नको. ताप आला तर दोन दिवस घरी काढा पीत बसायचं नाही, कारण सीएलएलमध्ये माणसं बऱ्याचदा जंतुसंसर्गाने अडचणीत येतात. काढ्यावरून आठवलं, प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून आप्पांच्या वहिनींनी गुळवेल सुरू करून दिली होती. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत, म्हणून ती बंद करायला लावली. 'काहीच करत नाही' ही बोच अशीच कुठून तरी बाहेर पडते.

मुलगा सगळं ऐकून गप्प झाला. आप्पा इतका वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते, ते पहिल्यांदा बोलले. "डॉक्टरीणबाई, मग डोळ्याचं काय? त्याला तरी तारीख द्या म्हणावं."

तारीख मिळाली. प्लेटलेट चांगले असताना मोतीबिंदूला सीएलएलची काहीच अडचण नव्हती. तीन महिन्यांनी आले तेव्हा स्मज धरून मोजलेले लिम्फोसाइट 20,600 निघाले, हिमोग्लोबिन 13.6, वजन तेवढंच. आकडे त्यांनी चष्म्याशिवाय वाचून वहीत उतरवून घेतले आणि पुढच्या खेपेची तारीख स्वतःच्या हाताने लिहिली.